खालची धार सर्वांत लांब जाते का? एक मीटरचा स्तंभ आणि तीन छिद्रं

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो हे शिकवताना एक चित्र हमखास येतं. उभा डबा, त्याला एकाखाली एक तीन छिद्रं, आणि तीन धारा: वरची जवळ पडते, मधली थोडी पुढे, खालची सर्वांत लांब. हाच प्रयोग जमिनीवर ठेवलेल्या उंच नळकांड्यावर केला की मधली धार सर्वांत पुढे जाते आणि वरची-खालची एकाच जागी पडतात. मग चित्र चुकलं की प्रयोग? या प्रकरणात एकच स्तंभ घेऊन तो आधी जमिनीवर आणि नंतर बाकावर ठेवून दोन्ही उत्तरं काढली आहेत. तीच मांडणी घाईत केली तर तिसरं, खरोखर चुकीचं उत्तर कसं मिळतं, हेही त्यात येतं.

स्तंभ

११० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, लांबी सुमारे १२० सेंमी, खाली एंड कॅप सॉल्व्हंट सिमेंटने पक्की बसवलेली. भिंतीची जाडी सुमारे ३ मिमी, म्हणजे आतला व्यास १०४ मिमीच्या आसपास आणि आतलं क्षेत्रफळ ८५ चौ. सेंमी. पाण्याची पातळी जमिनीपासून बरोबर १०० सेंमीवर राखायची आहे. छिद्रं पातळीपासून २०, ५० आणि ८० सेंमी खोलीवर, म्हणजेच जमिनीपासून ८०, ५० आणि २० सेंमी उंचीवर येतात. सगळी मापं धार जिथे पडणार त्या जमिनीपासून घ्यायची. पाइपच्या खालच्या कडेपासून घेतली तर एंड कॅपची जाडी आणि फरशीचा उतार हिशेबात शिरतात.

भरल्यावर यात साडेआठ लिटर पाणी असतं आणि बूड जेमतेम ११ सेंमीचं. असा स्तंभ सहज कलंडतो, म्हणून तो खिडकीच्या गजाला किंवा भिंतीतल्या खुंटीला दोन जागी बांधावा. बांधताना ओळंबा दोन बाजूंनी लावून पाहावा. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही, त्याचा आकडा पुढे येतो.

छिद्र थेट पाइपला पाडण्याचा मोह आवरावा. ४ मिमीचं छिद्र ३ मिमी जाडीच्या भिंतीत पाडलं की ते धड पातळ पत्र्यातल्या छिद्रासारखंही वागत नाही आणि धड छोट्या नळीसारखंही नाही. पाणी कधी आतल्या काठावरून सुटून थेट बाहेर येतं, कधी छिद्राच्या भिंतीला चिकटून येतं, आणि बोट लावून काढलं की एकाच छिद्राची धार दोन वेगळ्या ठिकाणी पडते. त्यापेक्षा पाइपला १२ मिमीचं भोक पाडावं आणि त्यावर अर्धा मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा तुकडा, पाइपच्या गोलाईप्रमाणे वाकवून, इपॉक्सीने चिकटवावा. पत्र्याला ४ मिमीचं छिद्र आधीच, खाली लाकडी ठोकळा धरून पाडायचं. मग १० मिमीचा बिट नुसता हाताने फिरवून दोन्ही बाजूंची चरचरीत कड काढायची. पण कड काढायची म्हणजे तेवढीच. आतला काठ गोल केला तर छिद्राचा स्वभावच बदलतो.

तिन्ही छिद्रं एकाच उभ्या रेषेत पाडू नयेत. चित्रात ती तशी असतात, पण प्रत्यक्षात २० सेंमी खोलीची धार आणि ५० सेंमी खोलीची धार एकमेकींना छेदतात: पाइपपासून ६३ सेंमी अंतरावर, जमिनीपासून ३० सेंमी उंचीवर. तिथे त्या आदळून एकच विस्कटलेला फवारा होतो आणि दोन्हींपैकी एकही आपल्या जागी पोचत नाही. छिद्रं पाइपच्या परिघावर एकमेकांपासून सेंटीमीटरभर बाजूला सरकवली की धारांच्या दिशांत सुमारे १० अंशांचा फरक पडतो आणि छेदण्याच्या जागी त्या १० सेंमीहून जास्त दूर असतात. मोजताना प्रत्येक धारेचं अंतर तिच्याच छिद्रापासून सरळ पुढे घ्यायचं, एवढंच लक्षात ठेवायचं.

वेग किती, अंतर किती

छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग तेवढ्याच खोलीतून मोकळ्या पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. हे तोरिचेल्लीने १६४४ साली मांडलं. पातळीवरचा पाण्याचा एक थर कमी होतो आणि तेवढंच पाणी छिद्रातून वेगाने बाहेर येतं; वरच्या उंचीची स्थितिज ऊर्जा खाली गतिज ऊर्जा झालेली असते. पातळी स्वतः किती वेगाने खाली येते हे इथे विसरता येतं, कारण छिद्राचं क्षेत्रफळ स्तंभाच्या क्षेत्रफळाच्या साडेसहाशेव्या भागापेक्षाही कमी आहे.

```
v = √(2·g·h)        h = पातळीपासून छिद्राची खोली
t = √(2·y/g)        y = छिद्रापासून जमिनीपर्यंतची उंची
R = v·t = 2·√(h·y)
```

शेवटच्या ओळीत g राहिलाच नाही. धार किती लांब पडेल हे फक्त दोन लांबींवर ठरतं: छिद्राच्या वर किती पाणी आहे आणि छिद्राच्या खाली किती पडायला जागा आहे. खोल छिद्राला वेग जास्त मिळतो, पण पडायला वेळ कमी मिळतो. आपल्या स्तंभात २० सेंमी खोलीला वेग १.९८ मी. प्रतिसेकंद आणि पडायला ०.४० सेकंद, ८० सेंमी खोलीला वेग बरोबर दुप्पट, ३.९६, पण वेळ निम्मा, ०.२० सेकंद. गुणाकार दोन्हींचा सारखाच, ८० सेंमी. ५० सेंमी खोलीला ३.१३ गुणिले ०.३२, म्हणजे १०० सेंमी.

h आणि y यांची बेरीज स्तंभ जमिनीवर असताना नेहमी पाण्याच्या उंचीइतकीच, १०० सेंमी असते. बेरीज ठरलेली असली की गुणाकार सर्वांत मोठा दोन्ही समान असताना. म्हणून सर्वोत्तम खोली ५० सेंमी, आणि त्या छिद्रातून मिळणारं अंतर पाण्याच्या पूर्ण उंचीएवढं. पाण्याऐवजी दुसरा कोणता पातळ द्रव घेतला तरी उत्तर हेच.

सर्वोत्तम खोली थेट शोधू नये

इथे बहुतेकांचा पहिला बेत असा असतो: दर १० सेंमीवर छिद्र पाडू आणि सर्वांत लांब कोणती धार जाते ते पाहू. हा बेत फसतो, कारण मधल्या भागात अंतर जवळजवळ बदलतच नाही. ५० सेंमी खोलीला १०० सेंमी, आणि ४० किंवा ६० सेंमी खोलीला ९८. दहा सेंटीमीटर इकडे-तिकडे सरकूनही फरक फक्त २ सेंमीचा. जमिनीवर आदळणाऱ्या धारेचा ठिपकाच तेवढा पसरट असतो. शिवाय छिद्र एका अंशाने जरी वर कललेलं असलं तरी ५० सेंमी खोलीची धार पावणेदोन सेंमी पुढे पडते. म्हणजे कोणती धार जिंकली हे खोलीवर न ठरता ड्रिल कसा धरला होता यावर ठरतं.

त्यापेक्षा सारख्या पडणाऱ्या जोड्या शोधाव्यात. २० आणि ८० सेंमी खोलीच्या धारा एकाच जागी पडल्या की सर्वोत्तम खोली त्यांच्या मध्ये, ५० वर आहे हे लगेच ठरतं. या टोकांजवळ अंतर खोलीनुसार झपाट्याने बदलतं. खोली एका सेंटीमीटरने बदलली की अंतर दीड सेंमीने बदलतं, त्यामुळे जोडी जुळली की नाही हे स्पष्ट दिसतं. मधलं छिद्र मग फक्त एवढं दाखवायला हवं की ते दोघांच्याही बरंच पुढे, तब्बल २० सेंमी पुढे पडतं. तीनच छिद्रं आणि तीही याच खोल्यांवर ठेवण्याचं कारण हे.

घाईत केलं की काय होतं

स्तंभ भरला, तिन्ही छिद्रांवरची चिकटपट्टी एकदम काढली आणि सावकाश मोजायला बसलं, तर खालची धार वरचीपेक्षा बरीच लांब पडलेली दिसते. 'बघा, खालचीच लांब जाते' असं तिथेच ठरून जातं. कारण साधं आहे, पण पाहायला गेलं नाही तर सापडत नाही.

तिन्ही छिद्रं उघडी असताना सेकंदाला सुमारे ७० मिली पाणी बाहेर पडतं. ८५ चौ. सेंमीच्या स्तंभात ते पातळीच्या दृष्टीने सेकंदाला सुमारे ०.८ सेंमी आहे. पट्टी हातात घेईपर्यंत बारा-तेरा सेकंद गेले की पातळी सुमारे १० सेंमी उतरलेली असते. आता छिद्रांच्या खोल्या १०, ४० आणि ७० सेंमी झाल्या, खालच्या उंच्या मात्र ८०, ५०, २० अशाच राहिल्या. अंतरं येतात ५७, ८९ आणि ७५ सेंमी. वरच्या धारेचा आधार निम्मा गेला, खालचीचा आठवा हिस्सा गेला. मधली अजूनही पहिली आहे, पण वरची-खालची जोडी फुटली आणि तिच्या जागी १८ सेंमीचा फरक आला.

उपाय म्हणजे पातळी हलूच न देणं. १०० सेंमीच्या किंचित खाली २५ मिमीचं ओव्हरफ्लोचं तोंड बसवायचं आणि नळ इतका सोडायचा की ओव्हरफ्लोमधून पाणी सतत वाहतं राहील. तिन्ही छिद्रांना मिनिटाला सव्वाचार लिटर लागतात, म्हणून नळ किमान पाच-सहा लिटर देणारा हवा. १५ लिटरची बादली अडीच मिनिटांत भरत असेल तर तो पुरतो. पाण्याचा दाब कमी असेल तर एका वेळी एकच छिद्र उघडावं. मधल्या छिद्राला मिनिटाला दीड लिटरही लागत नाही.

ओव्हरफ्लोची कड म्हणजे पाण्याची पातळी, असं धरू नये. कडेवरून पाणी वाहतंय म्हणजे पातळी तिच्यापेक्षा वर आहे, आणि किती वर हे नळ किती सोडलाय त्यावर अवलंबून. पातळी वाचण्यासाठी गवंड्यांची पारदर्शक लेव्हल नळी उत्तम. पाइपच्या तळाशी एका बाजूला ती जोडून उभी बांधली की बाहेरून पातळी दिसते आणि नळाची चावी किंचित फिरवून ती बरोबर १०० वर आणता येते. नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, हे आधी पाहायचं. बुडबुडा असला की नळीतली पातळी खोटं बोलते.

नळाची नळी वरून नुसती सोडली तर पाणी बुडबुडे घेऊन खाली जातं आणि धारा काचेसारख्या राहण्याऐवजी दुधट, थरथरत्या होतात. नळीचं तोंड भांडी घासायच्या जाळीदार स्क्रबरमध्ये गुंडाळून पार तळाशी, सर्वांत खालच्या छिद्राच्याही खाली सोडावं. धार नितळ आणि दोरीसारखी दिसली की मोजायला हरकत नाही.

दुसरी घाई धार पडण्याच्या जागेची. पाणी सांडू नये म्हणून स्तंभासमोर ट्रे ठेवतात. ट्रेमध्ये ३ सेंमी पाणी साठलं की धार जमिनीवर न पडता त्या पाण्यावर पडते. वरच्या छिद्राची खालची उंची ८० ऐवजी ७७ झाली. तिचं अंतर ८० वरून ७८.५ वर येतं. खालच्या छिद्राची उंची २० ऐवजी १७ झाली आणि तिचं अंतर ८० वरून ७४ वर घसरतं. म्हणजे आता चूक उलट्या दिशेची: खालची धार मागे पडली. पातळी उतरणं आणि ट्रे भरणं दोन्ही एकदम घडलं तर चुका एकमेकींना अंशतः खातात आणि आकडे बरोबर वाटू लागतात. हे सर्वांत वाईट, कारण मग शंकाच येत नाही. मोरीत किंवा गच्चीवर, उतार नसलेल्या जागी, पाणी लगेच वाहून जाईल अशा फळीवर धार पडू द्यावी. फळी पाणसळ लावून बसवावी आणि उंच्या तिच्या पृष्ठभागापासून घ्याव्यात.

वाचन आणि त्याचा अर्थ

वरची धार जमिनीला जवळजवळ उभी भिडते, सुमारे ६३ अंशांनी. मधली ४५ अंशांनी. खालची फक्त २७ अंशांनी, म्हणजे सपाटीने घासत. त्यामुळे वरचीचा ठिपका जवळपास गोल असतो आणि खालचीचा लांबट, धारेच्या जाडीच्या दुपटीहून लांब, शिवाय पुढे शिंतोडे उडवणारा. शिंतोड्यांसकट पुढची कड वाचली तर खालच्या धारेला फुकटचे तीन-चार सेंमी मिळतात. फळीवर पट्टी ठेवून धारेचा मध्य जिथे भिडतो तिथेच वाचायचं.

नीट बनवलेल्या पातळ पत्र्याच्या छिद्रातून अंतर हिशेबाच्या ९७ ते ९८ टक्के मिळतं. छिद्राच्या काठाशी होणारं थोडं घर्षण वेगाचे दोन-तीन टक्के खातं. अभियांत्रिकीत याला वेग गुणांक म्हणतात. तो ०.९७ धरला तर आपली वाचनं ७७.६, ९७ आणि ७७.६ सेंमी यायला हवीत. तिन्ही एकाच प्रमाणात कमी झाली, म्हणून सर्वोत्तम खोली हलली नाही. गुणांक प्रत्येक छिद्राचा वेगळा असला तरच ती हलल्यासारखी वाटते, आणि म्हणूनच तिन्ही पत्रे एकाच बिटने, एकाच पत्र्यातून करायचे.

याउलट ३ मिमी जाडीच्या पाइपलाच दीड-दोन मिमीचं बारीक छिद्र पाडलं तर ते छोट्या नळीसारखं भरून वाहतं आणि गुणांक ०.८२ पर्यंत उतरतो. मधली धार मग ९७ ऐवजी ८२ सेंमीच्या आसपास पडते. तोरिचेल्ली चुकला असं नव्हे, छिद्र जाड भिंतीत आहे एवढाच त्याचा अर्थ. फार बारीक छिद्राचा आणखी एक त्रास वरच्या, कमी खोलीच्या जागी होतो: धार सुटण्याऐवजी पाइपलाच चिकटून खाली ओघळते. छिद्राखालचा भाग कोरडा पुसून त्यावर मेणबत्ती घासली की हे बहुधा थांबतं.

वेग काढण्याचा दुसरा मार्ग म्हणजे मापनपात्रात पाणी गोळा करून छिद्राच्या क्षेत्रफळाने भागणं. मधल्या छिद्रातून सेकंदाला सुमारे २४ मिली मिळतात. ४ मिमी छिद्राचं क्षेत्रफळ ०.१२६ चौ. सेंमी, भागाकार १.९ मी. प्रतिसेकंद. अंतरावरून मात्र वेग ३.०४ येतो. एकाच धारेचे दोन वेग कसे? पाणी छिद्राकडे चारी बाजूंनी येतं आणि काठावर काटकोनात वळू शकत नाही, म्हणून बाहेर पडल्यावरही आत ओढलं जातं. छिद्रापासून साधारण अर्ध्या व्यासावर धार सर्वांत बारीक होते. तिचा व्यास तिथे ४ मिमी नसून सुमारे ३.२ मिमी असतो आणि क्षेत्रफळ छिद्राच्या ६२-६३ टक्के. भागायचं ते या आकुंचित क्षेत्रफळाने. न्यूटनही इथे अडखळला होता: प्रिन्सिपियाच्या १६८७ च्या आवृत्तीत त्याने वेग निम्म्याच उंचीवरून पडलेल्या वस्तूइतका काढला, आणि १७१३ च्या आवृत्तीत या आकुंचनाची दखल घेऊन तो दुरुस्त केला. तेव्हा कोणा विद्यार्थ्याचा वेग साठेक टक्केच आला तर वही खोडण्याआधी त्याने कोणत्या क्षेत्रफळाने भागलं ते पाहावं.

आकडा चुकला: घर्षण की कल?

समजा मधली धार १०३.५ सेंमीवर पडली. हिशेबापेक्षा जास्त, म्हणजे घर्षणाचा प्रश्नच नाही. छिद्र किंवा स्तंभ कलला आहे. पण समजा ती ९३ वर पडली, तर? घर्षण जास्त आहे की छिद्र खाली कललं आहे, हे एका वाचनावरून सांगता येत नाही.

त्यासाठी धार वाटेतही वाचायची. आडव्या सुटलेल्या धारेचा नियम असा की चतुर्थांश उंची पडेपर्यंत तिने बरोबर निम्मं अंतर कापलेलं असतं. मधल्या छिद्राखाली १२.५ सेंमी पातळीवर एक आडवी काठी धरून धार तिला कुठे स्पर्शून जाते ते पाहावं. जमिनीवरचं अंतर ९७ असेल तर इथे ४८.५ हवं. घर्षणाने दोन्ही अंतरं एकाच प्रमाणात घटतात, म्हणून निम्म्याचं नातं टिकतं: ९३ आणि ४६.५. कलाने मात्र ते मोडतं. छिद्र दोन अंश वर असेल तर, घर्षण बाजूला ठेवून, जमिनीवर १०३.५ आणि वाटेत ५३.५ मिळतं, निम्म्यापेक्षा जवळजवळ दोन सेंमी जास्त. कल खाली असेल तर वाटेतलं अंतर निम्म्यापेक्षा कमी भरतं.

कलाचा परिणाम खोलीच्या प्रमाणात वाढतो. एका अंशाला २० सेंमी खोलीची धार ०.७ सेंमी सरकते, ५० ची पावणेदोन, ८० ची २.८. म्हणून पूर्ण स्तंभच धारांच्या बाजूला अंशभर झुकला असेल तर तिन्ही धारा मागे पडतात, आणि खालची सर्वांत जास्त. जोडी फुटण्याचं हे तिसरं कारण. ओळंब्याचा आग्रह यासाठी होता: १२० सेंमीच्या पाइपवर एक अंश म्हणजे वरच्या टोकाला २ सेंमी सरकणं, जे डोळ्यांना सहज निसटतं.

स्तंभ बाकावर

आता तोच स्तंभ ७५ सेंमी उंचीच्या बाकाच्या कडेला ठेवून बांधला आणि धारा खाली जमिनीवर पडू दिल्या. पाणी तेवढंच, छिद्रं तीच, वेग तेच. बदलली ती फक्त पडण्याची उंची. प्रत्येक छिद्राला ७५ सेंमी जास्त मिळाले. घर्षण सोडून हिशेब असा:

| खोली | जमिनीवर ठेवलेला स्तंभ | ७५ सेंमीच्या बाकावर |
|---|---|---|
| २० सेंमी | ८० सेंमी | १११ सेंमी |
| ५० सेंमी | १०० सेंमी | १५८ सेंमी |
| ८० सेंमी | ८० सेंमी | १७४ सेंमी |

पाठ्यपुस्तकातलं चित्र जसंच्या तसं समोर आलं. आता पातळीपासून जमिनीपर्यंतची एकूण उंची १७५ सेंमी, म्हणून सर्वोत्तम खोली तिच्या निम्मी, साडेसत्याऐंशी. ती स्तंभाच्या अगदी तळाजवळ येते. बाक १०० सेंमी किंवा त्याहून उंच असता तर सर्वोत्तम खोली तळावर किंवा तळाच्याही खाली गेली असती, आणि मग जितकं खाली छिद्र तितकी लांब धार हा नियम अपवादाशिवाय खरा ठरला असता. प्लास्टिकच्या दोन लिटरच्या बाटलीला भोकं पाडून ती टेबलाच्या कडेवर ठेवली की खालचीच धार जिंकते ते याचमुळे: बाटलीतलं पाणी जेमतेम ३० सेंमी आणि टेबल त्याच्या दुपटीहून उंच. चित्रात खोट नाही, चित्रातून जमीन गायब आहे. डबा ज्या रेषेवर उभा काढतात त्याच रेषेवर धारा पडताना दाखवल्या, तरच ते चित्र चुकीचं.

दोन्ही मांडण्या एका दोरीने दाखवता येतात. पाइपवर पाण्याच्या पातळीच्या खुणेपासून ४५ अंशांत खाली उतरणारी सुतळी ताणून जमिनीवर बांधायची. घर्षण नसतं तर प्रत्येक छिद्राची धार या सुतळीला फक्त एका ठिकाणी टेकली असती आणि कोणतीही धार तिच्या पलीकडे गेली नसती. टेकण्याची जागा छिद्राच्या खाली, त्याच्या खोलीइतक्याच अंतरावर असते: २० सेंमी खोलीची धार पातळीखाली ४० सेंमीवर टेकते, ५० ची १०० वर, ८० ची १६० वर. प्रत्यक्षात धारा सुतळीच्या दोन-तीन टक्के अलीकडूनच वळतात; त्यांना सुतळीशी भिडवायचं असेल तर जमिनीवरचं टोक दर १०० सेंमी उंचीला ९७ सेंमीवर बांधावं.

ज्या उंचीवर फळी धराल त्या उंचीवर सर्वांत लांब धार तीच, जी नेमकी तिथे सुतळीला टेकते. स्तंभ जमिनीवर होता तेव्हा फळी पातळीखाली १०० सेंमीवर होती, म्हणून मधली जिंकली. ८० ची धार तिथपर्यंत सुतळीकडे निघालेली होती, पण तिला अजून ६० सेंमी पडायचं होतं आणि जमीन मध्ये आली. बाकावरून १७५ सेंमी मिळाले तेव्हा ती टेकून जेमतेम पुढे गेली होती, आणि २० ची धार कधीच सुतळी सोडून पाइपच्या बाजूला वळली होती.

फळी हातात धरून हळूहळू खाली नेली तर हा बदल सरळ दिसतो. पातळीखाली ६० सेंमीवर २० आणि ५० खोलीच्या धारा फळीवर पडतात, त्यांत २० ची पुढे असते. ७० वर दोघी एका अंतरावर येतात. १०० वर २० आणि ८० जुळतात. आणि १३० वर, म्हणजे स्तंभाच्या बुडाच्याही ३० सेंमी खाली, ५० आणि ८० बरोबरीला येतात. तिथून पुढे ८० ची धार आघाडी घेते. जुळण्याची जागा प्रत्येक वेळी दोन खोल्यांच्या बेरजेइतकी खाली असते.